दुकाने चौदा, वहीची भाषा एक

दुकान एकच असते तेव्हा हिशेबाचा पुष्कळसा भाग मालकाच्या डोळ्यांत असतो. कोणत्या डब्यात किती माल उरला, कोणते गिऱ्हाईक उधारी थकवते, या महिन्यात विजेचे बिल का वाढले, हे सारे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला वही न उघडताही ठाऊक असते. दुसरे दुकान निघाले की ही नजर अर्धी होते. पाचव्या दुकानापर्यंत ती जवळजवळ संपते. मालकाला दुकान दिसेनासे होते आणि त्याची केवळ वही दिसत राहते. मग प्रत्येक दुकानाची वही एकाच भाषेत बोलते की नाही, यावर सारा कारभार अवलंबून राहतो.

व्यापारी घराण्यांत विस्तार बहुधा नात्यागोत्यातून होतो. धाकटा भाऊ कोल्हापूरला जातो, पुतण्या नाशिक सांभाळतो आणि नाव चांगले झाले की बाहेरची मंडळी फ्रँचायझी मागायला येतात. प्रत्येक जण आपापला हिशेबनीस आणि आपापली सवय घेऊन येतो. अशा वेळी मुख्य पेढीकडून दोन टोकाच्या चुका होतात. काही ठिकाणी सर्वांना मोकळे सोडले जाते. वह्या नीट असतात, पण एकीची दुसरीशी तुलना करता येत नाही. काही ठिकाणी दोनशे रुपयांच्या झाडूसाठीही मुख्य पेढीची मंजुरी लागते. मग शाखा खरा खर्च लिहायचे सोडून मंजूर होईल असा खर्च लिहू लागते. दुसरी चूक पहिलीपेक्षा घातक आहे, कारण तिच्यात वही दिसायला नीटनेटकी असते.

या दोहोंमधला मार्ग सांगायला सोपा आहे. शब्दांचे अर्थ सर्वत्र एक असावेत. रकमा आणि निर्णय जागेनुसार वेगळे असण्यास हरकत नाही. ‘विक्री’ म्हणजे काय, ‘मालखर्च’ म्हणजे काय, ‘घट’ म्हणजे काय, हे मुख्य पेढीने ठरवावे. कोणता रिक्षावाला लावावा, यात्रेत मंडप टाकावा की नाही, सवलत पाडव्याला द्यावी की श्रावणात, हे शाखेने ठरवावे. व्यवहारात ही वाटणी कशी करावी, हे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील अडचणी अशा धंद्यात नेहमी येणाऱ्या आहेत. पुण्यात मुख्य पेढी आणि कारखाना असलेला फरसाण-मिठाईचा एक ब्रँड गृहीत धरावा. त्याची एकूण चौदा दुकाने आहेत. पाच स्वतःच्या मालकीची : पुण्यात दोन आणि कोल्हापूर, नाशिक व बेळगाव येथे प्रत्येकी एक. उरलेली नऊ फ्रँचायझीची आहेत. त्यांचे मालक, भांडवल आणि जोखीम वेगळी.

दोन शाखांचा नफा

एका पावसाळी महिन्यात कोल्हापूर आणि नाशिक या दोन्ही शाखांची विक्री, जीएसटी वगळून, प्रत्येकी १०,००,००० रुपये झाली. कोल्हापूरच्या वहीत मालखर्च ६,९५,००० रुपये दिसत होता आणि नाशिकच्या वहीत ६,६५,०००. म्हणजे कोल्हापूरचा ढोबळ नफा ३०.५ टक्के आणि नाशिकचा ३३.५ टक्के. मुख्य पेढीत यावरून निष्कर्ष निघाला की नाशिककर कारभारात सरस आहेत, आणि कोल्हापूरला जरा जाब विचारला पाहिजे.

दोन्ही वह्या खऱ्या होत्या. फरक होता तो सवयीचा. कोल्हापूरच्या हिशेबनिसाने पुण्याहून आलेल्या मालाचे वाहतूकभाडे ३०,००० रुपये आणि मिठाईच्या खोक्यांचे २५,००० रुपये हे दोन्ही मालखर्चात धरले होते, कारण त्याच्या मते माल गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंतचा सारा खर्च मालाचाच. नाशिकच्या हिशेबनिसाने २०,००० रुपये वाहतूक ‘प्रवास व वाहतूक’ खात्यात आणि २५,००० रुपयांची खोकी ‘दुकान खर्च’ खात्यात टाकली होती. त्याचीही पद्धत चुकीची म्हणता येत नाही.

आता दोन्ही शाखांना कोल्हापूरचाच अर्थ लावला, तर नाशिकचा मालखर्च ७,१०,००० रुपये होतो आणि ढोबळ नफा २९ टक्क्यांवर येतो. क्रम उलटतो. ज्या शाखेला जाब विचारायचा होता तीच दीड टक्क्याने पुढे निघते.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे. भाडे आणि खोकी बाजूला ठेवून नुसता माल पाहिला, तर कोल्हापूरला ६,४०,००० रुपयांचा लागला आणि नाशिकला ६,६५,००० रुपयांचा. विक्री तेवढीच, भाव तेच, मग २५,००० रुपयांचा माल गेला कुठे? शोध घेता उत्तर वाहतुकीत सापडले. कोल्हापूरला आठवड्यातून दोनदा गाडी जात होती, नाशिकला भाडे वाचवण्यासाठी एकदाच मोठी गाडी. पावसाळी हवेत शेव आणि चिवडा आठवड्याच्या अखेरीस सादळत होता आणि सादळलेला माल टाकून द्यावा लागत होता. दोन्ही शाखांच्या वाहतूकभाड्यात दहा हजारांचा फरक होता. कोल्हापूर त्या दहा हजारांत मालाचा ताजेपणा विकत घेत होते.

नाशिकलाही आठवड्यातून दोन गाड्या सुरू केल्या, म्हणजे भाडे साधारण दहा हजारांनी वाढेल. टाकून द्यावा लागणारा माल अठरा हजारांनी कमी झाला, तरी महिन्याला आठ हजार रुपये वाचतात आणि गिऱ्हाइकाला मऊ शेव मिळत नाही. हा निर्णय दोन वह्यांमधील शब्दांचे अर्थ जुळल्यावरच सुचला. अर्थ जुळले नसते, तर नाशिकची पद्धत आदर्श मानून कोल्हापूरचीही एक गाडी बंद करण्यात आली असती.

खात्यांची यादी : वरचे मजले मुख्य पेढीचे, खालचे शाखेचे

अर्थ एक ठेवण्याचे साधन म्हणजे खात्यांची समान यादी. प्रत्येक खात्याला क्रमांक, नाव आणि दोन ओळींचे स्पष्टीकरण असते. या स्पष्टीकरणाकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते, पण कामाचा भाग तोच आहे. ‘४१० माल’, ‘४२० आवक वाहतूक’, ‘४३० वेष्टन’, ‘४४० टाकून दिलेला माल’ अशी चार खाती करून त्यांखाली लिहावे की, पुण्याहून शाखेच्या दारापर्यंतचे भाडे ४२० मध्ये. शाखेतून गिऱ्हाइकाच्या घरी माल पोचवण्याचे भाडे ४२० मध्ये नव्हे, तर विक्रीखर्चात. एवढ्या दोन वाक्यांनी वर सांगितलेला घोटाळा टळतो.

यादी लहान असावी. चौदा दुकानांच्या फरसाणाच्या धंद्याला मुख्य खाती साठच्या आसपास पुरतात. दीडशे केली, तर दुकानातील माणूस रात्री दहा वाजता योग्य खाते शोधत बसत नाही. तो सरळ ‘इतर खर्च’ निवडतो.

मोकळीक द्यायची ती या यादीच्या खालच्या मजल्यावर. ‘५३० स्थानिक जाहिरात’ हे मुख्य खाते सर्वांचे. त्याखाली कोल्हापूरने ‘५३१ रिक्षावरील भोंगा’ उघडावे, सोलापूरच्या फ्रँचायझीने ‘५३१ यात्रेतील मंडप’ उघडावे. मुख्य पेढीला दोन्हींची बेरीज ५३० मध्येच दिसते. शाखेला आपल्या गावाचा तपशील मिळतो आणि तुलना बिघडत नाही. शाखेने नवे मुख्य खाते मात्र स्वतः उघडू नये. हिशेबाच्या संगणकप्रणालीत तो अधिकार मुख्य पेढीतील एकाच माणसाकडे ठेवता येतो आणि तसाच ठेवावा.

वर्षातून दोनदा या उपखात्यांची झाडाझडती घ्यावी. सहा महिन्यांत एकही नोंद न झालेले उपखाते बंद करावे. तीन-चार शाखांनी आपापल्या नावाने एकच गोष्ट उघडली असेल, तर ती आता स्थानिक राहिलेली नाही. तिला यादीत कायमचा क्रमांक द्यावा. घरपोच सेवेच्या अ‍ॅपचे कमिशन हे याचे उत्तम उदाहरण. आधी एखाददुसऱ्या शाखेचा किरकोळ खर्च म्हणून ते वहीत शिरते आणि पाहता पाहता सर्वांचा मोठा खर्च होऊन बसते.

‘विक्री’ या शब्दावरून होणारे भांडण

फ्रँचायझीच्या संबंधात सर्वांत जास्त कटुता एका शब्दावरून येते, आणि तो शब्द म्हणजे विक्री. करारात ‘विक्रीच्या ५ टक्के रॉयल्टी’ एवढेच लिहिलेले असते. एका फ्रँचायझीची महिन्याची बिले ८,००,००० रुपयांची झाली. त्यांपैकी १,६०,००० रुपयांची विक्री अ‍ॅपवरून झाली आणि अ‍ॅपने २२ टक्के, म्हणजे ३५,२०० रुपये कापून घेतले. फ्रँचायझीमालक म्हणतो की जे पैसे हाती आलेच नाहीत त्यांवर रॉयल्टी कसली? मुख्य पेढी म्हणते की माल तर पूर्ण किमतीला विकला गेला. फरक निघतो महिन्याला १,७६० रुपयांचा. नऊही फ्रँचायझींचे प्रमाण असेच धरले, तर वर्षाला १,९०,०८० रुपये होतात. इतक्या रकमेने कोणी बुडत नाही. पण प्रत्येक महिन्याला दोन्हीकडून ‘ते चलाखी करतात’ असे वाटत राहते आणि हा संशय नात्याला कुरतडत जातो.

यावर दोन्ही तोडगे चालतात, फक्त एक निवडून लिहून ठेवला पाहिजे. नेहमीच्या व्यवहारात सोयीची व्याख्या अशी : बिलाची रक्कम, तीतून जीएसटी वजा, बिलावरच दाखवलेली सवलत वजा, परत आलेला माल वजा, अ‍ॅपचे कमिशन वजा नाही. कमिशन हा फ्रँचायझीचा खर्च मानला, की दुकानातील विक्री आणि अ‍ॅपवरील विक्री एकाच मापाने मोजली जाते. एखाद्या गावात अ‍ॅपचेच गिऱ्हाईक जास्त असेल, तर तेथे रॉयल्टीचा दर अर्ध्या टक्क्याने कमी करावा. विक्रीचा अर्थ मात्र बदलू नये. दर ही रक्कम आहे, ती लवचीक असू शकते. अर्थ लवचीक झाला की चौदा दुकानांची बेरीजच खोटी होते.

व्याख्येखाली एक उदाहरणही आकड्यांसह छापावे. करारातील लांबलचक वाक्यावरून दोन वकील वाद घालू शकतात. सोडवून दाखवलेल्या उदाहरणावर वाद घालणे कठीण जाते.

मोकळीक द्यावी, पण तिला कुंपण असावे

शाखेला रोजच्या खर्चासाठी हात पसरावा लागू नये, म्हणून अग्रधन पद्धत जुनी असली तरी आजही उत्तम आहे. शाखेला ठरावीक किरकोळ रोकड दिली जाते, समजा १०,००० रुपये. आठवड्यात पाण्याचा टँकर १,२००, रिक्षाभाडे ८५०, सफाई ६०० आणि कपाटाची दुरुस्ती १,७५० असे ४,४०० रुपये खर्च झाले. शनिवारी पेटीत ५,६०० रुपये आणि ४,४०० रुपयांच्या पावत्या असल्या पाहिजेत. मुख्य पेढी पावत्या पाहून ४,४०० रुपये भरून देते आणि रोकड पुन्हा दहा हजार होते. रोख अधिक पावत्या म्हणजे नेहमी दहा हजार. कोणत्याही दिवशी कोणीही पाच मिनिटांत तपासू शकतो.

येथे पद्धत समान असते आणि रक्कम शाखेची. पुण्यातील मोठ्या दुकानाला पंधरा हजार लागतील, छोट्या गावात सहा हजार पुरतील. कोणत्या कामावर खर्च करायचा हे शाखाप्रमुखाने ठरवावे. एक मर्यादा मात्र मुख्य पेढीलाही बदलता येत नाही : एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च रोखीने दिला, तर काही अपवाद सोडता तो आयकराच्या हिशेबात मान्य होत नाही. म्हणून मोठी देणी बँकेतूनच द्यावीत, हा नियम सर्वांना सारखा.

सवलतीचेही तसेच. पर्युषणात जैन वस्तीतील दुकानाची गिऱ्हाइकी निराळी असते. तेथे कांदा-लसूण आणि कंदमुळे वगळलेल्या मालाची मागणी वाढते आणि इतर माल पडून राहतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत गर्दी होते, तर कोल्हापुरात नवरात्रात. पुण्यात बसून या सर्वांसाठी एकच सवलत ठरवणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी प्रत्येक शाखेला मागील तिमाहीच्या विक्रीच्या एक टक्का इतका स्थानिक सवलतनिधी द्यावा. तो केव्हा आणि कशावर वापरायचा, हे शाखेने ठरवावे. नोंदीचा नियम मात्र एकच : बिलात मूळ भाव पूर्ण दिसावा आणि सवलत वेगळ्या ओळीत. मूळ भावच कमी टाकून बिल केले, तर सवलत किती दिली हे कोणालाच कळत नाही आणि भाव पडला की माल गेला, याचाही उलगडा होत नाही.

नियमात न बसणारी गोष्टही कधीतरी उद्भवते. रस्त्याच्या खोदकामामुळे एखाद्या शाखेला दोन महिने माल दूरवरून हातगाडीने आणावा लागतो. अशा वेळी अपवाद नाकारू नये, पण तो तोंडी देऊ नये. एका चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात : कोणत्या नियमाला अपवाद, कोणत्या कारणाने, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अखेरची तारीख नसलेला अपवाद काही काळाने हक्क बनतो आणि मग शेजारच्या शाखेलाही तोच हवा असतो.

स्वतःची शाखा आणि फ्रँचायझी : दोन वेगळी नाती

मालकीच्या शाखा आणि फ्रँचायझी यांना एकाच पद्धतीने वागवण्याची चूक पुष्कळदा होते. स्वतःची शाखा हा पेढीचाच अवयव आहे. मुख्य पेढीच्या वहीत ‘कोल्हापूर शाखा’ हे खाते असते आणि कोल्हापूरच्या वहीत ‘मुख्य पेढी’ हे खाते. दोन्ही एकमेकांची आरशातील प्रतिमा आहेत. एकात जेवढी येणे बाकी, तेवढीच दुसऱ्यात देणे बाकी असली पाहिजे.

महिनाअखेर ती क्वचितच जुळते. समजा पुण्याच्या वहीत कोल्हापूरकडून ४,८३,००० रुपये येणे आहे आणि कोल्हापूरच्या वहीत पुण्याला ४,००,००० रुपये देणे आहे. फरक ८३,००० रुपयांचा. पुण्याने ३० तारखेला पाठवलेला ४८,००० रुपयांचा माल २ तारखेला पोचला, म्हणून तो कोल्हापूरच्या वहीत अजून नाही. कोल्हापूरने ३१ तारखेला बँकेत भरलेले ३५,००० रुपये पुण्याने १ तारखेला पाहिले, म्हणून ते पुण्याच्या वहीत नाहीत. ४८ आणि ३५ मिळून ८३. फरक पूर्ण सुटला.

फरक असणे हा दोष नाही. तो तारीखवार कागदांनी सुटत नसेल तर दोष आहे. आणि वाटेत असलेला तोच माल किंवा तीच रक्कम पुढच्या महिनाअखेरीसही वाटेतच दिसली, तर मात्र थांबून पाहावे. पुणे-कोल्हापूर अंतर इतके नाही की फरसाण महिनाभर गाडीत राहावे.

राज्याची सीमा आली की आणखी एक भेद पडतो. महाराष्ट्रातील पाचपैकी चार मालकीची दुकाने एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील, तर त्यांच्यात माल हलवताना कर लागत नाही. डिलिव्हरी चलनावर माल जातो. बेळगाव कर्नाटकात आहे. तेथील शाखेला वेगळी नोंदणी घ्यावी लागते आणि मालक एकच असला तरी कायदा दोन्ही नोंदण्यांना वेगवेगळ्या व्यक्ती मानतो. म्हणून पुण्याहून बेळगावला जाणारा माल करासह बिलावरच गेला पाहिजे, पैसे द्यायचे नसले तरीही. ‘आपलेच दुकान’ म्हणून नुसत्या चलनावर पाठवलेला माल पुढे कर, व्याज आणि नोटीस घेऊन परत येतो.

फ्रँचायझी मात्र स्वतंत्र व्यापारी आहे. त्याचा पॅन वेगळा, नोंदणी वेगळी, घर वेगळे. त्याला गेलेला माल ही विक्री आणि त्याच्याकडील बाकी ही उधारी. त्याच्या वहीतील काय पाहण्याचा अधिकार आहे, हे करारात मोजकेच लिहावे : सामाईक बिलप्रणालीतून येणारी रोजची विक्री, महिन्याचा मालसाठा, ठरलेल्या खात्यांनुसार मासिक गोषवारा. त्याचे कर्ज, भागीदारांची वाटणी, घरखर्च यांत मुख्य पेढीने डोकावू नये. मागितले तेवढेच मागितले की ते वेळेवर आणि खरे मिळते.

वही खोटी बोलू लागल्याच्या खुणा

चौदा दुकानांना रोज भेट देता येत नाही, पण काही खुणा पुण्यात बसूनही दिसतात. पहिली म्हणजे ‘इतर खर्च’. तो विक्रीच्या एक टक्क्यावर गेला की खाते उघडून एकेक नोंद वाचावी. बहुतेक वेळा लबाडी नसते. यादीतील एखादे स्पष्टीकरण लोकांना कळलेले नसते.

दुसरी खूण याहून सूक्ष्म आहे. दर आठवड्याला दहा महागड्या वस्तूंचे, उदाहरणार्थ काजूकतली, सुकामेवा आणि तूप यांचे, वजन करून वहीशी ताडावे, असा नियम असतो. एखाद्या शाखेतून महिनोन्‌महिने ‘फरक शून्य’ असे येऊ लागले, तर समाधान मानू नये. खऱ्या दुकानात गिऱ्हाइकाला चव दिली जाते, चुरा पडतो, काटा पाचदहा ग्रॅम इकडेतिकडे होतो. थोडी घट हे जिवंत दुकानाचे लक्षण आहे. कायम शून्य याचा अर्थ बहुधा असा की वजन कोणी करतच नाही. वहीतील आकडा मोजणीच्या कागदावर उतरवला जातो. आणि तसे होत असेल, तर घट दाखवल्याबद्दल त्या शाखेला पूर्वी कोणी फार कठोर बोलले होते का, हेही मुख्य पेढीने आठवून पाहावे.

तिसरी गोष्ट घरातलीच, म्हणून बोलायला अवघड. दुकानातून घरी जाणारी मिठाई, पाहुण्यांना दिलेली खोकी, लग्नकार्याला पाठवलेला माल. मालक भाऊच असेल तर त्याचे बिल कोण मागणार? पण न लिहिलेल्या या मालामुळे शाखेचा मालखर्च फुगतो आणि ठपका मात्र गल्ल्यावरील नोकरावर येतो. उपाय सरळ आहे. घरी गेलेला प्रत्येक माल खरेदीभावाने त्या भावाच्या ‘उचल’ खात्यात लिहावा आणि त्यावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी. ही रक्कम वसूल करायची की नाही, हे कुटुंबाने ठरवावे. तो कुटुंबाचा प्रश्न आहे. लिहायची की नाही, हा प्रश्नच नाही. हा नियम सर्वांत थोरल्या काकांपासून लागू झाला, तर इतरांना सांगावा लागत नाही.

सुरुवात कोठून करावी

चौदाही दुकानांत एकाच दिवशी सारे बदलण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. आधी एक मालकीची शाखा आणि एक समजूतदार फ्रँचायझी निवडावी. नवी यादी त्या दोघांना देऊन दोन महिने चालवावी आणि ज्या खात्यांविषयी वारंवार विचारणा होईल त्यांची स्पष्टीकरणे सुधारावीत. मग आर्थिक वर्षाच्या आरंभी, १ एप्रिलला, सर्वत्र लागू करावी. वर्षाच्या मध्यावर अर्थ बदलले तर मागील महिन्यांशी तुलना तुटते.

महिन्याची वेळही एकच असावी. रोजचा गल्ला त्याच रात्री बंद. महिन्याचा हिशेब पुढील ५ तारखेला बंद. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना विक्रीचे जीएसटी विवरण ११ तारखेपर्यंत आणि कराचे २० तारखेपर्यंत द्यावे लागते, म्हणून ५ तारखेनंतर तपासणीला सहाच दिवस उरतात. एखादे विजेचे बिल १२ तारखेला येणार असेल, तर मागील बिलाच्या अंदाजाने रक्कम धरावी आणि खरे बिल आल्यावर फरक नोंदवावा. बिलाची वाट पाहत सारा महिना अडवून ठेवू नये.

आणि ६ तारखेला मुख्य पेढीने प्रत्येक शाखेला एका पानाचे पत्रक परत पाठवावे, ज्यात तिचे आकडे आणि इतर शाखांची सरासरी शेजारी शेजारी असतील. शाखा महिनाभर आकडे वर पाठवते. खाली काहीच येत नसेल, तर तिला हिशेब म्हणजे पुण्याची कटकट वाटणे साहजिक आहे. नाशिकच्या शाखाप्रमुखाला आपला टाकून दिलेला माल सरासरीच्या किती पुढे गेला आहे हे त्या पानावर दिसले, तर दुसरी गाडी मागणारा फोन पुण्याला तोच करील.